१२ टक्के फ्लॅट आणि १८ टक्के घटत्या शिलकीवर: स्वस्त कोणतं?

समजा, अमळनेरजवळच्या गावात एका बाईंना पिठाची गिरणी आणि मिरची-मसाल्याचं कांडप यंत्र घ्यायचं आहे. कळण्याचं पीठ बारमाही लागतं, आणि उन्हाळ्यात पापड-मसाल्याची कामं निघाली की दळणाला रांग लागते, म्हणून धंदा चालेल याची त्यांना खात्री आहे. ६०,००० रुपये हवेत, एका वर्षात फेडायचेत. दोन ठिकाणी चौकशी केली. एका फायनान्सवाल्याने सांगितलं, ‘१२ टक्के फ्लॅट.’ दुसरीकडे, बँकेत सांगितलं, ‘१८ टक्के, घटत्या शिलकीवर.’ आर्थिक साक्षरतेच्या शिबिरात हा प्रश्न टाकला की बहुतेक हात १२ टक्क्यांसाठी वर जातात. १८ पेक्षा १२ कमी, यात विचार कसला करायचा?

आधी नुसते हप्ते पाहू. १२ टक्के फ्लॅट म्हणजे ६०,००० वर वर्षाचं व्याज ७,२००. एकूण ६७,२०० भागिले १२, म्हणजे महिन्याला ५,६००. घटत्या शिलकीवर १८ टक्क्यांनी हप्ता येतो ५,५०१, आणि वर्षभराचं व्याज साधारण ६,०१०. म्हणजे ‘१८ टक्के’वालं कर्ज सुमारे १,१९० रुपयांनी स्वस्त पडलं.

हे का होतं, ते बचत गटाच्या वहीत सगळ्यात स्वच्छ दिसतं, कारण तिथे व्याजाचा रकाना वेगळा असतो. गटातून १०,००० रुपये घेतले, दर शेकडा २ महिना, आणि दर महिन्याला १,००० मुद्दल परत करायचं ठरलं. पहिल्या महिन्यात १०,००० वर व्याज २००. दुसऱ्या महिन्यात अंगावर ९,००० उरले, व्याज १८०. मग १६०, १४०, असं उतरत शेवटच्या महिन्यात २०. दहा महिन्यांच्या व्याजाची बेरीज १,१००. हे झालं घटत्या शिलकीवरचं व्याज: जेवढे पैसे अजून तुमच्याकडे आहेत, तेवढ्यावरच.

आता तीच वही दुसऱ्या पद्धतीने लिहा. मुद्दल दर महिन्याला १,००० ने उतरतंच आहे, पण व्याजाच्या रकान्यात दहाही वेळा २००. बेरीज २,०००. हे फ्लॅट. दहाव्या महिन्यात बाईंकडे गटाचे फक्त १,००० रुपये आहेत, तरी व्याज भरताहेत १०,००० वर. बऱ्याच गटांमध्ये यात कुणाची लबाडी नसते. दर महिन्याला नवा गुणाकार करण्यापेक्षा ‘दोनशे’ लिहिणं सोपं, म्हणून तसंच चालत राहतं. वही कुठल्या पद्धतीची आहे हे ओळखायला शिक्षण लागत नाही. व्याजाच्या रकान्यावरून बोट वरून खाली न्यायचं. आकडा उतरत असेल तर घटती शिलक, एकच आकडा खाली येत असेल तर फ्लॅट.

रिकरिंग खात्यात हाच हिशोब उलट्या बाजूने दिसतो. महिना १,००० भरले, ७ टक्के दर आहे, वर्षात १२,००० जमा झाले, मग ८४० रुपये व्याज का आलं नाही? कारण पहिला हजार बँकेकडे बारा महिने राहिला आणि शेवटचा फक्त एक महिना. सरळ व्याजाने ४५५ रुपये होतात, तिमाही चक्रवाढीने थोडे जास्त. ठेवीवर बँक ‘जितके दिवस पैसे माझ्याकडे, तितकंच व्याज’ असं मोजते, आणि ते योग्यच आहे. मग कर्जावरही तसंच मोजलं जावं, एवढा प्रश्न विचारायचा हक्क कर्जदाराला नक्कीच आहे.

गिरणीच्या कर्जाकडे परत येऊ, कारण बँकेच्या हप्त्यात एक फसगत होते. गटात हप्ता दर महिन्याला कमी होतो, म्हणून फरक डोळ्यांना दिसतो. बँकेचा हप्ता मात्र शेवटपर्यंत ५,५०१ च राहतो, आणि लोकांना वाटतं, ‘हप्ता सारखा, म्हणजे हेही फ्लॅटच.’ तसं नाही. बदल हप्त्याच्या आत होत असतो. पहिल्या हप्त्यात ९०० रुपये व्याज आणि ४,६०१ मुद्दल. शेवटच्या हप्त्यात व्याज जेमतेम ८१, बाकी सगळं मुद्दल. फ्लॅटमध्ये प्रत्येक हप्त्यात ६०० व्याज आणि ५,००० मुद्दल, पहिल्यापासून बाराव्यापर्यंत.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. पहिल्या महिन्यात फ्लॅटचं व्याज ६००, घटत्या शिलकीचं ९००. पहिली पावती पाहून कुणी म्हणालं की फ्लॅट स्वस्त आहे, तर त्या महिन्यापुरतं ते खरं आहे. घटत्या शिलकीचं व्याज ६०० च्या खाली येतं ते सहाव्या हप्त्याला. म्हणून तुलना एका पावतीवर करू नये, पूर्ण मुदतीची करावी.

दोन्ही दर एकाच मापात आणायला एक ठोकताळा पुरतो. एक ते तीन वर्षांची मुदत आणि दरमहा सारखे हप्ते असतील, तर फ्लॅट दराला १.८ ने गुणायचं. १२ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर साधारण साडेएकवीस टक्के. नेमका आकडा हवा असेल तर मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये हे लिहा:

```
=RATE(12,-5600,60000)*12
```

कंसात आधी हप्त्यांची संख्या, मग उणे चिन्ह लावून हप्ता, मग हातात पडलेली रक्कम. उत्तर ०.२१४६ च्या आसपास येतं, म्हणजे २१.४६ टक्के.

पण हा ठोकताळा सगळीकडे लावू नका. कपाशी विकल्यावर सगळी रक्कम एकदम फेडायची अशी उचल असेल, किंवा सोनं ठेवून वर्षअखेरीला एकरकमी सोडवायचं असेल, तर मुदतभर पूर्ण मुद्दल तुमच्याकडेच असतं. शिलक घटतच नाही, त्यामुळे दोन्ही पद्धतींचं व्याज सारखंच येतं. फरक पडतो तो हप्त्याहप्त्याने फेडताना.

आतापर्यंतच्या हिशोबात घटत्या शिलकीचं कर्ज जिंकलं. पण शिबिरात इथे थांबलं तर अर्धंच शिकवल्यासारखं होईल, कारण वरच्या सूत्रातला तिसरा आकडा आहे ‘हातात पडलेली रक्कम’, मंजूर रक्कम नव्हे. समजा, १८ टक्केवाल्याने प्रोसेसिंग फी, त्यावरचा जीएसटी आणि कर्जाचा विमा मिळून २,००० रुपये आधीच कापले. बाईंच्या खात्यात आले ५८,०००, हप्ता मात्र ६०,००० चाच, ५,५०१. आता त्याच सूत्रात ५८,००० घाला:

```
=RATE(12,-5501,58000)*12
```

उत्तर येतं साडेचोवीस टक्क्यांच्या थोडं वर. म्हणजे फायनान्सवाला काहीच कापत नसेल, तर आता त्याचं फ्लॅट कर्जच स्वस्त ठरलं. रुपयांतही तेच दिसतं. पहिल्याकडे ६०,००० वापरायला मिळतात आणि वर ७,२०० द्यावे लागतात. दुसऱ्याकडे ५८,००० मिळतात आणि वर सुमारे ८,०१० द्यावे लागतात. म्हणून नुसतं ‘फ्लॅट वाईट, घटती शिलक चांगली’ असं पाठ करून घेऊ नये. ‘हप्ता कितला शे?’ या पहिल्या प्रश्नाला आणखी दोन जोडायचे: हप्ते किती, आणि कापून-कुपून हातात किती येणार? हे तीन आकडे कळले की बोलीतला टक्का कुठल्याही पद्धतीचा असो, खरा दर काढता येतो.

बँक किंवा रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालची फायनान्स कंपनी असेल, तर हे आकडे मागण्यासाठी हुज्जत घालावी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्जदारांच्या आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना सही घेण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं त्यांना बंधनकारक आहे, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात एपीआर असा एक दर लिहिलेला असतो. व्याज, फी, विमा असा सगळा खर्च धरून काढलेला तो वार्षिक दर, आणि दोन ठिकाणची तुलना त्याच्यावरच करायची. सोबत हप्त्यांचा तक्ताही असतो. बचत गटाच्या वहीसारखं त्याच्याही व्याजाच्या रकान्यावरून बोट फिरवून पाहा. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात हा कागद विचार करायला निदान तीन कामाचे दिवस देतो, तेव्हा ‘आजच सही करा’ म्हणणाऱ्याचं ऐकायची गरज नाही. पतसंस्थेला मात्र हा नियम लागू नाही, कारण तिच्यावर देखरेख सहकार खात्याची असते. तिथे तीन प्रश्न आपणच विचारायचे आणि उत्तरं संस्थेच्या शिक्क्यासह कागदावर घ्यायची.

राहिला प्रश्न घरखर्चाच्या ताळेबंदाचा, आणि गिरणीच्या धंद्यात तो महत्त्वाचा आहे. दळणाची खरी कमाई मार्च ते मे. पाऊस लागला की मसाले, पापड थांबतात, आणि त्याच वेळी शाळेची वह्या-पुस्तकं, बी-बियाणं असे खर्च निघतात. हप्ता मात्र बारा महिने तोच. मग मे महिन्यात हाताशी १०,००० जादा आले, तर ते कर्जात भरावेत का?

घटत्या शिलकीच्या कर्जात भरले तर फायदा लगेच होतो. चार हप्ते झाल्यावर बाईंची शिल्लक ४१,१७८ असते आणि पाचव्या महिन्याचं व्याज ६१८ होणार असतं. १०,००० भरले की शिल्लक ३१,१७८ आणि व्याज ४६८. पुढच्या प्रत्येक महिन्यातही तशीच बचत होत राहते. फ्लॅट कर्जात व्याज पहिल्याच दिवशी ठरून गेलेलं असतं. जादा भरूनही ६०० चे ६०० च राहतात, सूट मिळाली तर ती देणाऱ्याच्या अटीप्रमाणे. तसल्या कर्जात ते १०,००० स्वतःच्या बचत खात्यात ठेवून पावसाळ्यातले जवळजवळ दोन हप्ते त्यातून भागवणं बरं, निदान दंड तरी लागत नाही.

घटत्या शिलकीच्या कर्जातही एक चूक नेहमी होते. काउंटरवर नुसतं ‘जादा भरते’ म्हटलं की रक्कम ‘ॲडव्हान्स हप्ता’ म्हणून पडून राहते. मुद्दल तसंच राहतं आणि व्याज कमी होत नाही. भरताना अर्जात स्पष्ट लिहायचं: ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी, पार्ट पेमेंट.’ त्यासाठी शुल्क आहे का ते आधी विचारायचं. आणि आठवड्याभराने खातेउतारा घेऊन पाहायचा. शिल्लक मुद्दल ३१,००० च्या घरात दिसलं तर पैसे योग्य जागी पडले. ४१,००० दिसलं तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्यायचा, कारण पुढचं व्याज त्या ४१,००० वरच लागत राहतं.