Z नंतर AA: शून्य नसलेल्या मोजणीची पार्श्वभूमी

स्प्रेडशीटमधल्या स्तंभाच्या क्रमांकावरून त्याचं अक्षर काढायचा कोड पहिल्यांदा लिहिला, तेव्हा १ ते २५ पर्यंत सगळं सुरळीत चाललं. सव्विसाव्या स्तंभाला Z यायला हवा होता, आला A@. हा @ कुठून टपकला हे कळायला मला अर्धी दुपार लागली. संगणकाच्या अक्षरतक्त्यात A चा क्रमांक ६५ आणि त्याच्या अगदी मागे, ६४ वर, @ बसलेला असतो. २६ ला २६ ने भागलं की बाकी शून्य उरते. त्या शून्यासाठी माझ्या कोडने अक्षर शोधलं, आणि A च्या आधी जे सापडलं ते छापून टाकलं. स्प्रेडशीटच्या अक्षरांत शून्यासाठी अक्षरच नाही, हे मी ध्यानात घेतलं नव्हतं.

ही अक्षरं आली १९७९ साली, ॲपल टू या संगणकावर चालणाऱ्या व्हिजिकॅल्कबरोबर. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये आडव्या ओळींना आकडे आणि उभ्या स्तंभांना अक्षरं होती. याची सोय लगेच लक्षात येते. दोन्हीकडे आकडे ठेवले तर दुसऱ्या स्तंभातली सातवी ओळ सांगताना मध्ये स्वल्पविराम नाहीतर रेघ घालावी लागते, आणि आधी कोण, ओळ की स्तंभ, हेही ठरवावं लागतं. B7 मध्ये अक्षर संपलं की स्तंभ संपला. व्हिजिकॅल्कमध्ये स्तंभ होते ६३, म्हणजे शेवटचा BK. त्यामुळे Z नंतर काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवावा लागला होता.

उत्तर होतं AA. दिसायला साधं, पण नेहमीच्या मोजणीपेक्षा वेगळं. आपल्या दशमान पद्धतीत ९ नंतर १० येतात, आणि एककाच्या घरातलं शून्य सांगतं की इथे काही नाही. A ला शून्य मानून २६ चा पाया घेतला, तर Z नंतर BA यायला हवा, कारण AA म्हणजे ००, आणि ते तर A च झालं. स्तंभांमध्ये मात्र A म्हणजे १ आणि Z म्हणजे पुरते २६. एकेरी अक्षरांचे २६ स्तंभ, मग AA ते ZZ असे ६७६, म्हणजे २७ ते ७०२, आणि ७०३ वा AAA. शून्याशिवायही स्थानिक किंमत चालते आणि प्रत्येक संख्येला एकच नाव मिळतं. तर्कशास्त्रात असे अंक आधीच वापरात होते. रेमंड स्मलियन यांनी १९६१ च्या ग्रंथात १ आणि २ एवढ्या दोनच अंकांवर अशी मोजणी उभी केली होती. शून्याच्या देशातल्या माणसाला हे जरा पचायला जड जातं, एवढंच.

सगळ्यांनी हीच वाट धरली असं नाही. मायक्रोसॉफ्टच्या १९८२ च्या मल्टिप्लॅनमध्ये R7C2 अशी पद्धत होती. दोन्हीकडे आकडे, त्यामुळे रूपांतराची कटकटच नाही. एक्सेलने नंतर व्हिजिकॅल्कची अक्षरं घेतली, पण R1C1 चा पर्याय सेटिंगमध्ये आजही ठेवला आहे. कधीतरी चुकून तो चालू होतो आणि वरची अक्षरं गायब होऊन आकडे दिसतात, तेव्हा फाइल बिघडलेली नसते.

१९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये २५६ स्तंभ आले आणि एक्सेलनेही बरीच वर्षं तेवढेच ठेवले. २५६ म्हणजे एका बाइटमध्ये मावणाऱ्या किमती, म्हणून शेवटचा स्तंभ IV अशा अधल्यामधल्या जागी येतो. संगणक दोनाच्या पटीत मोजतो आणि स्तंभांची अक्षरं सव्विसाच्या पटीत बदलतात, त्यामुळे दोघांचा मेळ कधी बसत नाही.

या दोन अक्षरांच्या काळात जे मॅक्रो लिहिले गेले, त्यांत २६ ऐवजी २७ ने भागायची एक युक्ती अजून सापडते. Z ला चुकवण्यासाठी ती काढलेली असावी. पहिलं अक्षर क्रमांकाला २७ ने भागून, आणि त्याची २६ पट वजा करून दुसरं. २६ ला भागाकार शून्य येतो, म्हणून Z बरोबर येतो. ५२ ला AZ, तोही बरोबर. पण ५३ ला भागाकार १ च राहतो, बाकी २७ उरते, आणि ६४ अधिक २७ म्हणजे ९१ वर चौकटी कंस आहे. BA ऐवजी A[ मिळतो. ज्याच्या तक्त्यात पन्नासच स्तंभ होते त्याला ही चूक कधी दिसलीच नाही.

खरं उत्तर शाळेतल्या हातच्यासारखं आहे. भागण्याआधी एक काढून ठेवायचा. मग बाकी ० ते २५ येते, आणि ती A ते Z ला चपखल बसते.

```python
def akshar(n):
    s = ""
    while n > 0:
        n, r = divmod(n - 1, 26)
        s = chr(65 + r) + s
    return s

def kramank(s):
    n = 0
    for c in s:
        n = n * 26 + ord(c) - 64
    return n
```

एक काढणं दर फेरीला करायचं, फक्त सुरुवातीला नाही. चूक बहुधा इथेच होते. १६३८४ घेऊ. एक काढून १६३८३, त्याला २६ ने भागलं तर ६३० आणि बाकी ३, म्हणजे D. आता ६३० मधून पुन्हा एक काढून ६२९. भागाकार २४, बाकी ५, म्हणजे F. २४ मधून एक काढून २३, भागाकार शून्य, म्हणजे X. अक्षरं उलट्या क्रमाने मिळाली, म्हणून उत्तर XFD. परत येताना एक काढायची भानगडच नाही: X चे २४, त्याला २६ ने गुणून F चे ६ मिळवले की ६३०, पुन्हा २६ ने गुणून D चे ४ मिळवले की १६३८४. कोड तपासायचा तर २६, २७, ५२, ५३, ७०२ आणि ७०३ एवढेच आकडे घाला.

वाहनांच्या पाटीवरची मालिकाही अशीच Z वरून AA वर जाते, पण तिथे I आणि O वगळतात, एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. तिथे पाया २४ चा आहे, हा कोड तसाच लावू नये.

XFD हा आकडा मी उगाच घेतला नाही. २००७ च्या एक्सेलने स्तंभ १६३८४ केले आणि तोच शेवटचा ठरला. तिसरं अक्षर आलं, आणि दोनच अक्षरं गृहीत धरणारे मॅक्रो ZZ च्या पुढे अडखळले. गूगल शीट्सची मर्यादा १८२७८ आहे, म्हणजे बरोब्बर ZZZ. तिथे मात्र मर्यादा अक्षरांच्या हिशोबाने ठरलेली दिसते. हिशोब न लिहिता अक्षर हवं असेल तर हे सूत्र दोन्हीकडे चालतं:

```
=SUBSTITUTE(ADDRESS(1,703,4),"1","")
```

ADDRESS इथे AAA1 देतो आणि SUBSTITUTE त्यातला 1 काढून टाकतो. उलट जायला =COLUMN(INDIRECT("AAA1")) आहे, पण शीटच्या मर्यादेबाहेरचं अक्षर दिलं तर #REF! येतो.

तिसऱ्या अक्षराचा आणखी एक फटका नावांना बसला. कुणी करासाठीच्या एखाद्या घराला TAX2007 असं नाव दिलं होतं. जुन्या एक्सेलमध्ये स्तंभ IV ला संपत असल्याने ते निव्वळ नाव होतं. नव्यात TAX हा १३५७० वा स्तंभ आहे, म्हणजे TAX2007 हा खराखुरा पत्ता झाला. जुनी फाइल नव्या प्रकारात बदलताना एक्सेल अशा नावापुढे अधोरेखा लावून _TAX2007 करतं. सूत्रांतली नावंही त्यात बदलतात, पण मॅक्रोमध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेलं "TAX2007" तसंच राहतं आणि मुकाट्याने त्या १३५७० व्या स्तंभातल्या रिकाम्या घरावर जाऊन बसतं.