तीन चौकटी, एक रिकामी: शब्द शोधायचा कसा?

इंदूरच्या मराठी घरांत मुलांचे शिक्षण बहुधा हिंदी किंवा इंग्रजीतून होते, पण शब्दकोडे मात्र अजून आजी-आजोबांबरोबर मराठीतच सुटते. हल्ली त्यात रंगांच्या खेळाची भर पडली आहे. जॉश वॉर्डल यांचा वर्डल हा लपवलेला शब्द ओळखण्याचा खेळ २०२१ मध्ये लोकांसमोर आला आणि मग त्याच धर्तीचे खेळ अनेक भाषांत झाले. अक्षर जागेवर बरोबर असेल तर चौकट हिरवी, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळी, शब्दातच नसेल तर राखाडी. एकदोन प्रयत्नांनंतर प्रश्न एवढाच उरतो: काही जागा ठरलेल्या आहेत, काही अक्षरे बाद आहेत, तर कोणते शब्द शक्य आहेत?

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. शब्द तीन अक्षरी आहे. पहिला प्रयत्न ‘मलम’, सगळे राखाडी. दुसरा ‘तपन’, पुन्हा सगळे राखाडी. तिसरा ‘गागर’: पहिली चौकट राखाडी, पुढचा ‘ग’ आणि ‘र’ हिरवे. म्हणजे साचा झाला ‘_ ग र’, आणि म, ल, त, प, न बाद. आणि ‘ग’चे काय? तो हिरवाही आहे आणि राखाडीही.

इथेच बहुतेक याद्या बिघडतात. बाद अक्षरांत ‘ग’ सरसकट घातला, तर साच्यातला प्रत्येक शब्द बाद होतो, कारण साच्यातच ‘ग’ आहे. यादी पूर्ण रिकामी आली की हीच चूक आधी तपासावी. अशा राखाडी चौकटीचा खरा अर्थ ‘शब्दात ग नाही’ असा नसून ‘हिरवा झाला त्याहून जास्त ग नाही’ असा आहे. म्हणून बाद अक्षरांची चाळणी फक्त रिकाम्या जागेला लावायची, ठरलेल्या जागांना नाही. आपल्या उदाहरणात तिने पहिल्या चौकटीतून ‘गा’ काढला, म्हणजे ‘गागर’ हा एकच शब्द गेला.

आता यादी. कागदावर करणाऱ्याला बाराखडी हे चांगले साधन आहे. ३६ व्यंजने आणि प्रत्येकाची १२ रूपे धरली तर पहिल्या चौकटीत ४३२ शक्यता होतात, शिवाय नुसते स्वर वेगळे. बाद झालेल्या म, ल, त, प, न आणि ग या सहा ओळी आधीच खोडल्या की ७२ शक्यता एका फटक्यात जातात. उरलेल्या ओळी मोठ्याने वाचत जायचे: घ, घा, घि… आणि प्रत्येकापुढे ‘गर’ जोडायचा. आठवणीच्या भरवशावर बसले तर डोळ्यांसमोर सागर आणि घागर येतात आणि तिथेच मन थांबते. ओळीने गेले की ‘भ’पाशी उपवासाची भगर सापडते.

तरीही बाराखडीत एक भोक आहे. तिच्यात ‘कं’ आहे, पण ‘कां’ किंवा ‘कों’ नाही. त्यामुळे बाराखडीवर काटेकोर चालणाऱ्याला डोंगर आणि डांगर कधीच भेटणार नाहीत. म्हणून प्रत्येक ओळ दुसऱ्यांदा, काना, वेलांटी, मात्रा यांवर अनुस्वार देऊन वाचावी. अशा दोन फेऱ्यांत मला हे शब्द मिळाले: अगर, आगर, सागर, जागर, जिगर, घागर, बिगर, भगर, डांगर, डोंगर. ‘डगर’ मी घेतलेला नाही. इंदूरच्या मुलांना तो हिंदीतल्या ‘वाट’ या अर्थाने लगेच सुचतो आणि मग वाद होतो. कोणता कोश प्रमाण मानायचा, हे खेळ सुरू होण्याआधीच ठरवलेले बरे.

यादी करताना एक गोष्ट मी गृहीत धरली. ‘न’ बाद म्हणजे ना, नि, नां सगळे बाद, असे मी मानले. म्हणून नगरबरोबर नागर, नांगर हेही गेले आणि ‘ल’बरोबर लंगर गेला. पण खेळ करणाऱ्याने ‘न’ आणि ‘नां’ ही दोन वेगळी अक्षरे मानली असतील, तर राखाडी ‘न’मुळे नांगर बाद होत नाही. त्या नियमात नागर, नांगर आणि लंगर परत येतात आणि दहाचे तेरा होतात. दोन्ही नियम खेळण्यासारखे आहेत. मात्र यादीतला शब्द खेळ नाकारत असेल, किंवा उत्तर तुमच्या यादीत नव्हतेच असे नंतर दिसले, तर शब्दसंग्रहाला दोष देण्याआधी हा नियम पाहावा. जोडाक्षरात हा प्रश्न आणखी टोकदार होतो: ‘म’ बाद असताना ‘स्मरण’ चालेल का?

संगणकाला शब्दांची फाइल देऊन यादी मागितली, तर तो वेगळ्याच ठिकाणी अडखळतो. आपण ‘डोंगर’ म्हणजे तीन अक्षरे म्हणतो. युनिकोडमध्ये तो पाच चिन्हांचा आहे: ड, ओकाराची खूण, अनुस्वार, ग, र. शोधसाच्यात टिंब म्हणजे ‘कोणतेही एक चिन्ह’, `^` म्हणजे ओळीची सुरुवात आणि `$` म्हणजे शेवट. त्यामुळे `^.गर$` असे लिहिले, तर बाद अक्षरे विचारात घेण्याआधीच्या सतरा शब्दांपैकी अगर, आगर, भगर, नगर, मगर, तगर हे सहाच हाती लागतात. व्यंजनाला काना, वेलांटी किंवा अनुस्वार असलेला एकही शब्द येत नाही. यादीत सगळे शब्द असे बोडके दिसले, की संगणक अक्षरे नव्हे तर चिन्हे मोजतो आहे हे ओळखावे.

त्यावर उपाय `\X` हा आहे. तो व्यंजन आणि त्याला चिकटलेल्या खुणा मिळून एक घटक धरतो. फाइलमधून साच्यात बसणाऱ्या ओळी काढणाऱ्या grep या आज्ञेत तो असा वापरायचा:

```
grep -P '^(?![मलतपनग])\Xगर$' shabd.txt
```

कंसातला भाग सांगतो की पहिल्या चौकटीची सुरुवात या सहांपैकी कशानेही होऊ नये. तो फक्त त्याच जागी पाहतो, त्यामुळे पुढचा ठरलेला ‘ग’ सुरक्षित राहतो. फाइलमध्ये दर ओळीला एक शब्द हवा. जोडाक्षरांबाबत मात्र सावध राहावे. ‘क्ष’सारखे जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी साधने ‘क्ष’चे दोन तुकडे करतात आणि तीन अक्षरी ‘रक्षक’ त्यांच्या हिशेबात चार घटकांचा होतो.

दहा शब्द हातात आले. आता एकेक लावून पाहत बसणे महागात पडते, कारण प्रत्येक चुकीच्या शब्दाने एक-दोन शब्दच बाद होतात. त्याऐवजी चौथा प्रयत्न ‘जबडा’ करावा. तो उत्तर असू शकत नाही हे आपल्याला ठाऊक आहे, पण त्यात ज, ब आणि ड एकदम तपासले जातात. ‘ज’ला रंग आला तर जागर किंवा जिगर, ‘ब’ला आला तर बिगर, ‘ड’ला आला तर डांगर किंवा डोंगर. तिन्ही राखाडी राहिले तर अगर, आगर, सागर, घागर, भगर हे पाच उरतात. दहाची यादी एका प्रयत्नात जास्तीत जास्त पाचावर येते. हिरवी अक्षरे पुढच्या प्रत्येक प्रयत्नात कायम ठेवण्याची सक्ती असेल, तर ही युक्ती चालत नाही. तिथे ‘_ ग र’ साच्यातलाच शब्द द्यावा लागतो.