बॅनरचं ब्लीड (फ्लेक्स प्रिंटिंग)

छापून झाल्यावर जो भाग कापला जाणार, दुमडला जाणार किंवा फ्रेमच्या मागे वळणार तिथपर्यंत डिझाइनचा बॅकग्राउंड मुद्दाम वाढवून ठेवायचा, या वाढीव भागाला ब्लीड म्हणतात. व्हिजिटिंग कार्डला साधारण 3 मिमी पुरतं, कारण तिथे कटिंग मशीनवर होतं आणि चूक झालीच तर एखाद्या मिमीची. फ्लेक्सचं तसं नाही. रोल मशीनवर थोडा तिरका चढला की दहा फुटांत तो तिरकेपणा चांगलाच दिसायला लागतो, कापणारा माणूस जमिनीवर किंवा टेबलावर कटर धरून हाताने कापतो, फ्रेमवाल्याची फ्रेम अर्धा इंच इकडेतिकडे असते आणि वर फिटिंगवाला पक्कडीने ताणतो तेव्हा फ्लेक्स ओढ लागेल तिकडे सरकतो. त्यामुळे बॅनरचं ब्लीड मिमीत नाही, इंचात मोजायचं.

किती इंच हे डिझाइनवर नाही तर बॅनर लावणार कसा यावर ठरतं, आणि नेमकं हेच विचारायचं राहून जातं. नुसता दोरीने बांधायचा बॅनर असेल तर कडेची साधारण दीड इंच घडी मागे जाते आणि त्या घडीवरच रिंगा ठोकतात. लाकडी फ्रेमवर चढवायचा असेल तर हिशोब वेगळा, तो खाली नीट मांडलाय.

समजा गणपती मंडळाचा बॅनर आहे, फ्रेम 10 बाय 6 फूट, म्हणजे समोरून दिसणार 120 बाय 72 इंच. लाकडी पट्टीची जाडी 1 इंच, तेवढा फ्लेक्स बाजूने वळतो. मागे टॅकरने पिना मारायला दीड इंच लागतो. ताणताना मागेपुढे होईल म्हणून अर्धा इंच हातचा. झाले एका बाजूला 3 इंच, चारही बाजूंनी धरून प्रिंट होते 126 बाय 78 इंच. आता इथे गंमत अशी की 78 इंच म्हणजे साडेसहा फूट, 6 फुटी रोलवर ते बसत नाही, मग 8 फुटी रोल लावायचा आणि दीड फूट रुंदीचा पट्टा वाया, त्याचे पैसे शेवटी कोणाच्या तरी बिलात येणारच. म्हणून जाणकार दुकानदार फ्रेम करायच्या आधीच सांगतो की उंची साडेपाच फूट करा. मग दिसणारी उंची 66, वरखाली 3-3 इंच धरून बरोबर 72 म्हणजे 6 फुटी रोल. मशीन रोलच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही, थोडी पांढरी कड राहतेच, पण ती कड मागे पिनांखाली जाते त्यामुळे कोणाला दिसत नाही. फक्त फाइल 72 ऐवजी 71 इंचाची द्यायची, म्हणजे वरखाली अडीच-अडीच इंच छपाई आणि अर्धा-अर्धा इंच कोरा फ्लेक्स, नाहीतर मशीनवरचा माणूस फाइल बसवायला स्वतःच्या मनाने लहान करतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फाइल ताणणं. कोणीतरी सांगितलं की 3-3 इंच जादा हवेत, मग 120 बाय 72 ची तयार फाइल धरून कोपऱ्यातून ओढून 126 बाय 78 केली आणि ब्लीड दिलं असं समजले. पण अशाने बॅकग्राउंडबरोबर अक्षरंही बाहेर सरकली ना! जे नाव कडेपासून 2 इंच आत होतं ते आता 2.1 इंच आत आहे, आणि मागे वळणार 3 इंच, म्हणजे त्या नावाचं पहिलं अक्षर फ्रेमच्या जाडीवर जाऊन बसणार. वर रुंदी 5 टक्के वाढली आणि उंची 8 टक्क्यांच्या वर, त्यामुळे सगळे चेहरे 3 टक्के लांबट झाले. तीन टक्के म्हणजे ओळखू येतं पण नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही अशातलं. ब्लीड देताना डिझाइन जागचं हलायला नको, फक्त पान मोठं करायचं आणि बाहेर जी पांढरी पट्टी तयार होते तेवढीच भरायची. फोटोशॉपमध्ये Canvas Size उघडून Relative ला टिक करायची, रुंदी आणि उंची दोन्हीत 6 इंच टाकायचे (दोन्ही बाजूंचे मिळून) आणि अँकर मधोमध ठेवायचा. कोरलमध्ये पानाचं माप वाढवायचं, डिझाइन मध्यभागी आहे ना ते बघायचं आणि मागचा रंगाचा चौकोन तेवढा मोठा करायचा. फाइल दहापट लहान मापात केली असेल तर 6 इंचाचे 0.6 होतात, हे विसरून 6 टाकले की छापताना त्याचे 60 इंच होतात.

पट्टी कशाने भरायची? सपाट रंग असेल तर प्रश्नच नाही. ग्रेडियंटचा चौकोन मोठा केला की रंग जरासे सरकतात, तेवढं चालतं. फोटो असेल तिथे खरं काम. सर्वात सोपी युक्ती म्हणजे फोटोची कडेची 3 इंचाची पट्टी कॉपी करायची, आरशासारखी उलटी करायची आणि बाहेर जोडायची. आकाश, गवत, धूसर लाइटिंग यांच्यावर ही पट्टी बेमालूम बसते, पण देवळाचा खांब किंवा भिंतीची तिरपी रेघ कडेला असेल तर तिथे इंग्रजी व्ही सारखा कोन दिसतो. तिथे Content-Aware Fill वापरतात, फक्त तो आजूबाजूचं बघून भरतो त्यामुळे जवळ अक्षरं असली तर अक्षरांचे तुकडेही उचलून आणतो, म्हणून कुठून उचलायचं त्या भागातून अक्षरं आधी वगळायची. आता एक मनातलं सांगतो. या पट्टीवर तासभर बसणारे लोक बघितलेत, झाडाचं पान न् पान जुळवत बसतात, आणि त्यातला समोरून दिसलाच तर जेमतेम अर्धा इंच दिसणार, एक इंच फ्रेमच्या बाजूला आणि उरलेलं पिनांखाली. दिसणाऱ्या कडेला लागून असलेला पहिला इंचभर नीट करा, पुढे नुसता रंग जुळला तरी पुष्कळ.

बाहेर वाढवणं हे झालं अर्धं काम, उरलेलं अर्धं आत सरकवणं. फ्रेमच्या बॅनरला दिसणाऱ्या कडेपासून निदान 4 इंच आत महत्त्वाचं काही नको. आपल्याकडच्या बॅनरांवर नेमकं उलटं असतं, वर देवाचा फोटो कडेला टेकलेला, खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग आणि त्याच्याखाली नावं, एकदम तळाला. फ्लेक्स अर्धा इंच खाली ओढला गेला की नावं गेली, आणि ज्याचं नाव गेलं तो माणूस संध्याकाळी दुकानात येतो. रिंगांच्या बॅनरलाही खालची रांग धोक्याचीच, एखादी रिंग बरोबर कोणाच्या तरी कपाळावर येते. दोरीने ताणल्यावर दोन रिंगांच्या मधली कड आत ओढली जाते आणि सरळ रेघ लाटेसारखी दिसायला लागते.

याच कारणाने कडेला सोनेरी बारीक बॉर्डर द्यायची हौस असेल तर ती जपून करावी. बॉर्डर कडेपासून 1 इंचावर असेल आणि ताणताना अर्धा इंच सरकलं तर एका बाजूला अर्धा इंच जागा आणि दुसऱ्या बाजूला दीड, हे रस्त्यावरूनही कळतं. तीच बॉर्डर 5 इंच आत घेतली तर साडेचार आणि साडेपाच, कोणाच्या लक्षात येत नाही.

गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर एकच सपाट जेपीजी पाठवतं, लेयर नाहीत, नाव कडेपासून 1 इंचावर, मूळ फाइल "आमच्या पोराकडे आहे, तो गावाला गेलाय", हे तर रोजचंच. तेव्हा अख्खं चित्र प्रमाणात 95 टक्क्यांवर आणून दिसणाऱ्या 120 बाय 72 च्या मधोमध ठेवायचं. डावी-उजवीकडे 3-3 इंच मोकळे होतात आणि वरखाली 1.8. आता नाव डावीकडून जवळजवळ 4 इंच आत आलं, वरून पावणेतीन इंच, म्हणजे उत्तम नाही पण कापलं जाणार नाही. मग ही मोकळी जागा आणि बाहेरचं ब्लीड एकदमच भरायचं. इथे मात्र भरलेला भाग समोरून दिसणार आहे, तेव्हा आरशाची युक्ती डोळे उघडे ठेवून वापरायची.

फाइल बरोबर करूनही एक घोळ राहतो. बिलावर 10 बाय 6 लिहिलेलं असतं, मशीनवरचा माणूस 126 बाय 78 ची फाइल उघडतो, बिल बघतो आणि प्रिंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 10 बाय 6 टाकून मोकळा होतो. फ्लेक्स फ्रेमएवढाच येतो, मागे वळवायला काहीच उरत नाही, आणि वर चित्रही थोडं चेपलेलं. यावर उपाय म्हणजे फाइलच्या नावातच दोन्ही मापं इंचात लिहायची:

```
mandal_PRINT-126x78in_FRAME-120x72in.jpg
```

बॅकग्राउंड पांढरा असेल तर कापणाऱ्याला कड कुठे तेच कळत नाही, तेव्हा ब्लीडच्या अगदी बाहेरच्या टोकाला फिकट राखाडी बारीक रेघ द्यायची. जिथे फ्रेमची कड येणार तिथे कधीच नाही, कारण वळण अर्धा इंच चुकलं तर ती रेघच समोर दिसत राहते.

छापायला सोडायच्या आधी एक फुकटची तपासणी करता येते. एका इंचाला 2 मिमी धरून फाइल साध्या ए-फोर कागदावर काढायची, 126 बाय 78 चे होतात 252 बाय 156 मिमी, आडव्या कागदावर आरामात बसतात. बाहेरची पांढरी कड कात्रीने कापून चारही बाजूंनी 6-6 मिमी मागे दुमडायचं. मग मुद्दाम एक बाजू 7 मिमी आणि समोरची 5 मिमी दुमडून बघायची, म्हणजे अर्धा इंच सरकल्यासारखं. कोणाचं नाव घडीला टेकतंय, कोणाचा कान घडीत जातोय ते तिथल्या तिथे कळतं.

रोलच्या रुंदीत न मावणारी मोठी होर्डिंगं पट्ट्या छापून जोडतात, तिथल्या जोडाला ब्लीडचा हा हिशोब लागू नाही. जोडावर एक पट्टी दुसरीवर चढते, म्हणून तिथे नवीन बॅकग्राउंड वाढवायचा नसतो, शेजारच्या पट्टीवरचं तेच चित्र इंच-दोन इंच पुन्हा छापायचं असतं. बाहेरच्या चार कडांना मात्र नेहमीसारखंच ब्लीड द्यायचं, आणि पट्ट्या पाडताना जोड चेहऱ्यावर येत नाही ना ते बघायचं.