किलोमागे दहा ग्रॅम म्हणजे ताटात किती?

मॅरेथॉनच्या आदल्या रात्री मोठी बिर्याणी चापली की कार्ब लोडिंग झालं, अशी समजूत आमच्या रनिंग ग्रुपमध्ये आजही भेटते. त्या बिर्याणीत तेल-तूप आणि मांसच जास्त असतं, आणि एका जेवणात स्नायूंचे साठे भरतही नाहीत. भरायचं असतं ते ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर. ते किती भरायचं, हे आपल्या वजनावरून काढायचं असतं.

दीड तासापेक्षा लांबच्या शर्यतीसाठी क्रीडा-आहारतज्ज्ञांची शिफारस आहे ती दर किलो वजनामागे रोज 10 ते 12 ग्रॅम कर्बोदकांची, शर्यतीआधीच्या 36 ते 48 तासांत. हा आकडा मुख्यतः कसून सराव करणाऱ्या खेळाडूंच्या अभ्यासातून आलेला आहे. नोकरी सांभाळून आठवड्यातून चार दिवस धावणाऱ्याने 8 ते 10 धरावेत, असं माझं मत आहे. बारापर्यंत ओढताना अनेकांचं पोट बिघडतं, आणि मग भरलेल्या साठ्याचा उपयोग होत नाही. दहा किलोमीटरच्या शर्यतीला तर यातलं काहीच लागत नाही; रोजचं जेवण पुरतं.

मॅरेथॉनला का लागतं, ते हिशेबात दिसतं. धावताना किलो वजनामागे, किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. 60 किलोच्या धावपटूला 42 किलोमीटरसाठी सुमारे 2500 लागतात. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेन असतं साधारण 500 ग्रॅम, म्हणजे 2000 किलोकॅलरी. चरबीही जळत असते, पण तिच्यातून ऊर्जा सावकाश मिळते. त्यामुळे ग्लायकोजेन संपत आलं की वेग एकदम कोसळतो.

हा साठा वाढवता येतो, हे 1966 मध्ये स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं. दोघांनी एकच पाय वापरून सायकल चालवली, मग कर्बोदकांचा आहार घेतला आणि सुईने दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे बारीक तुकडे तपासले. थकवलेल्या पायात साठा विश्रांती घेतलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला होता. त्यावरून आधी दमवणारा व्यायाम करून आणि कर्बोदकं कमी खाऊन साठा रिकामा करण्याची पद्धत आली. ती आता लागत नाही. शेवटचे दोन दिवस धावणं अगदी कमी करून भरपूर कर्बोदकं खाल्ली की पुरतं.

आता रविवारच्या शर्यतीआधीचा, 60 किलोच्या माणसाचा शनिवार मांडू. दहाने गुणलं की 600 ग्रॅम. इथेच घोटाळा होतो: हे 600 ग्रॅम कर्बोदकांचे आहेत, भाताचे नाहीत. शंभर ग्रॅम तांदळात साधारण 78 ग्रॅम कर्बोदकं असतात, शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात जेमतेम 28. नुसत्या भातावर 600 गाठायचे तर दोन किलोहून जास्त भात लागेल. म्हणून वजन कोरड्या धान्याचं करायचं आणि काही भाग पेयांतून घ्यायचा.

सकाळी 80 ग्रॅम पोहे, केळं आणि साखरेचा चहा: सुमारे 95. अकराला ब्रेडच्या चार स्लाइस जॅम लावून आणि लिंबू सरबत: 110. दुपारी 120 ग्रॅम तांदळाचा भात, पातळ वरण, बटाट्याची सुकी भाजी: 140. चारला 50 ग्रॅम साबुदाण्याची खीर: 80. सहाला पुन्हा सरबत आणि केळं: 55. रात्री सातला 100 ग्रॅम तांदळाचा मऊ भात, वरण आणि गुळाचा खडा: 105. बेरीज 585. खिचडीऐवजी खीर घेतली, कारण खिचडीतल्या शेंगदाण्याच्या कुटाने आणि तेलाने पोट लवकर भरतं. कोशिंबीर, उसळ, भाकरीही या दोन दिवसांत कमीच, कारण चोथा पोटात जागा अडवतो आणि पहाटे त्रास देतो.

कमी खाणाऱ्यांचं इथे नेमकं चुकतं. भात वाढवून बाकीचं इतकं कमी करतात की एकूण खाणं तेवढंच राहतं. स्त्रियांवरच्या अभ्यासांत कर्बोदकांचा वाटा वाढवूनही एकूण कॅलरी वाढल्या नाहीत, तेव्हा साठा वाढला नाही. कॅलरी वाढवल्यावर वाढला. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

साठा भरला का, हे वजनकाट्यावर थोडंफार कळतं. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, म्हणून रविवारी पहाटे काटा किलोभर वर दिसेल. ती चरबी नव्हे. पाय जड वाटले तरी घाबरून शनिवारचं जेवण आखडतं घेऊ नका.

रात्रभरात यकृतातला साठा मात्र उतरतो, स्नायूंमधला टिकतो. म्हणून पाचला सुरू होणाऱ्या शर्यतीसाठी तीनला उठून किलोमागे एक ते दीड ग्रॅम, म्हणजे 60 ते 90 ग्रॅम घ्यायचे: दोन केळी, दोन स्लाइस ब्रेड आणि मध. हे त्या पहाटे पहिल्यांदाच खाऊन बघायचं नाही. आधीच्या महिन्यातल्या एखाद्या लाँग रनच्या पहाटे हाच नाश्ता, आणि त्याच्या आदल्या दिवशी हेच जेवण, करून बघा.