‘भूषण’ लांबून ‘भूपण’ का दिसतं?

समजा, दुकानाचं नाव आहे ‘भूषण भांडार’. समोरच्या फुटपाथवरून, साधारण 25 मीटरवरून, चालणाऱ्याला ते वाचता यायला हवं. अक्षर किती मोठं काढायचं?

पेंटरला आपण अक्षराची उंची सांगतो. डोळा मात्र अक्षरातल्या मोकळ्या फटी शोधत असतो. ‘ष’ आणि ‘प’ यांत फरक पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. तिच्या दोन्ही बाजूंच्या फटी बुजल्या की ‘भूषण’चं ‘भूपण’ होतं. निरोगी डोळ्याला एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातली फट जेमतेम ओळखता येते. 25 मीटरवर ती सुमारे 7 मिलिमीटर भरते. पण माणूस चालत असतो, चष्मा जुना असतो, म्हणून ती दुप्पट, 15 मिलिमीटर धरावी. जाड वळणाच्या ‘ष’मधली फट उंचीच्या दहाव्या भागाएवढी असेल, तर शिरोरेघेपासून पायापर्यंत अक्षर 15 सेंटिमीटर हवं. वळणागणिक हे प्रमाण बदलतं. त्यामुळे निवडलेल्या वळणातला ‘ष’ छापून पट्टीनं मोजावा. शिवाय ‘भू’चा उकार खाली आणि ‘भां’चा अनुस्वार वर, यांना जागा लागते. म्हणून पाटीची उंची अक्षराच्या उंचीपेक्षा बरीच जास्त हवी.

महाराष्ट्रात दुकानांच्या कायद्यातल्या 2022च्या दुरुस्तीनंतर पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपींपेक्षा लहान ठेवता येत नाहीत. पण उंची सारखी ठेवली तरी वाचनीयता सारखी होत नाही. रोमन अक्षरापेक्षा देवनागरीत तेवढ्याच जागेत जास्त रेघा येतात. माझ्या मते मराठी नाव थोडं मोठंच असावं.

आता रंग. निळ्यावर लाल अक्षरं जवळून उठावदार वाटतात, पण दोन्ही रंगांचा उजळपणा सारखा असला तर लांबून कडा विरघळतात. मोबाइलवर आराखड्याचा कृष्णधवल फोटो करावा. अक्षर आणि पार्श्वभूमी एकाच राखाडीत मिसळली, तर तो रंगमेळ सोडावा. काळ्यावर पिवळं किंवा पांढऱ्यावर गडद निळं या कसोटीला सहज उतरतं.

रात्री गोष्ट उलटते. अंधारात बाहुली मोठी होते, भिंगाचे दोष जास्त जाणवतात आणि प्रखर अक्षरांचा उजेड डोळ्यात पसरतो. उजळ रेघा फुगतात आणि त्याच 15 मिलिमीटरच्या फटी आतून भरून येतात. उतारवयात भिंग धुरकट होतं, तेव्हा हे आणखी वाढतं. म्हणून काळ्या पाटीवरच्या प्रकाशित अक्षरांच्या रेघा किंचित बारीक ठेवाव्यात आणि एलईडीला डिमर लावावा. फोटोवरून याचा अंदाज घेऊ नये, कॅमेरा उजेड वेगळाच टिपतो. अंधार पडल्यावर स्वतः 25 मीटरवर उभं राहावं, दुकानातल्या कुणाला तरी डिमर हळूहळू खाली आणायला सांगावं आणि ‘ष’च्या पोटातली रेघ सुटी दिसू लागली की तिथेच थांबवावं.