ऑथेलोत जास्त सोंगट्यावालाच का हरतो

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोयच नसते, त्यामुळे कूलरसमोर बसून पोट्टे मोबाईलवर ऑथेलो खेळत असतात. आठ बाय आठ घरांचा बोर्ड, एक काळा एक पांढरा, समोरच्याच्या सोंगट्या पकडून पलटवायच्या म्हणजे त्या आपल्या रंगाच्या होतात, शेवटी ज्याच्या जास्त तो जिंकतो. आणि नवा खेळणारा जवळपास प्रत्येक जण तेच करतो, ज्या चालीत जास्त सोंगट्या पलटतील ती चाल मारायची. दोन तृतीयांश गेमपर्यंत भारी वाटतं, स्कोअर ३६ विरुद्ध ८. आणि शेवटी ३६ वालाच हरतो.

कारण नियमातच आहे. सोंगटी ठेवायची तर समोरच्याची निदान एक तरी सोंगटी आपल्या दोन सोंगट्यांच्या मधात पकडावी लागते, म्हणजे ते रिकामं घर त्याच्या सोंगटीला लागून असलंच पाहिजे. तुम्ही भराभर पलटवत गेले की बाहेरच्या अंगाला सगळ्या तुमच्याच सोंगट्या होतात, त्याच्या मोजक्या सोंगट्या आत, आणि त्यांच्या शेजारी रिकामं घर उरतच नाही. मग पकडणार काय? त्याला मात्र सगळीकडून चाली मोकळ्या. किती चाली हातात आहेत, ह्यालाच मोबिलिटी म्हणतात, आणि माझ्या मते सुरुवातीला स्कोअरकडे पाहूच नये, हेच मोजावं.

चाली संपत आल्या की नको ती चाल खेळावी लागते. समजा तुम्ही पांढरे. उभ्या रांगा डावीकडून ए ते एच, आडव्या वरून खाली १ ते ८. वरच्या कडेला बी१ पासून जी१ पर्यंत सहाही सोंगट्या तुमच्या, दोन्ही कोपरे रिकामे. ए१ ते एच८ ह्या तिरप्या लाईनीत सी३ काळी, डी४ आणि ई५ पांढऱ्या, एफ६ काळी, बाकी घरं रिकामी. तुमच्याकडे दोनच चाली उरल्यात, बी२ किंवा जी७. बी२ खेळले तर सी३ पलटते, पण आता बी२ ते ई५ चारही पांढऱ्या आणि पलीकडे एफ६ काळी, म्हणजे काळा सरळ ए१ वर बसतो अन् चारही घेतो. जी७ खेळले तर हेच उलट्या बाजूने होतं, एच८ जातो.

कोपऱ्यावरची सोंगटी कधीच पलटत नाही, कारण तिच्या पलीकडे घरच नाही, तिला दोन्ही बाजूंनी पकडणार कसं? आणि नुकसान तिथं थांबत नाही. ए१ काळ्याकडे गेला की तुमची ती सहाची कड ए१ आणि एच१ च्या मधात अडकते. तुम्हाला एच१ वर आधी बसता आलं नाही तर काळा तिथं बसून सहाही पलटवतो, अन् आठच्या आठ घरं कायमची त्याची. दोन चालींत दहा सोंगट्या पलटल्या, दोन नवीन आल्या, म्हणजे २२ चा फरक.

म्हणून सुरुवातीला कमी पलटवायचं, तेही आतल्या आत. शेवटच्या आठ-दहा चालींत मात्र मोबिलिटी सोडून सरळ सोंगट्या मोजायच्या, आणि कधीकधी तर हिशोब करून एखादा कोपरा देऊनही टाकायचा.