सौंदर्य-फिल्टर आणि चेहऱ्याची ओळख

सौंदर्य-फिल्टर मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसणारी त्वचा गुळगुळीत व उजळ करतो, डोळे मोठे करतो आणि नाक व जबडा निमुळते करतो. फोटो स्टुडिओतील जड ‘टच-अप’ही हेच काम हाताने करतो. त्वचेच्या सफाईत तीळ आणि व्रण पुसले जातात, म्हणजे फोटो ताडून पाहणाऱ्या माणसाच्या हाती असलेल्या पक्क्या खुणा जातात. आजच्या संगणकीय पद्धतींना मात्र अवयवांची मापे बदलणे अधिक जाचते.

अनोळखी चेहरा जुळवण्यात माणूस मुळातच कच्चा आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात दोन डच स्त्रियांचे प्रत्येकी 20 फोटो लोकांना व्यक्तीनुसार वेगळे करण्यास दिले, तेव्हा त्यांना न ओळखणाऱ्यांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. त्या स्त्रिया परिचित असलेल्या डच लोकांना मात्र दोनच व्यक्ती दिसल्या. हे फोटो साधे होते, फिल्टरचे नव्हते. लग्नासाठी आलेल्या स्थळाच्या फोटोवरून समोरचा माणूस न ओळखण्याचा दोष म्हणूनच सर्वस्वी फोटोग्राफरच्या माथी मारता येत नाही.

संगणक प्रथम डोळे, नाक व ओठांचे बिंदू शोधून चेहरा सरळ करतो आणि मग त्याचे आकड्यांच्या रांगेत रूपांतर करतो. डीलिब या मुक्त सॉफ्टवेअर-संचात ही रांग 128 आकड्यांची असते आणि दोन रांगांमधील अंतर 0.6 पेक्षा कमी असल्यास व्यक्ती एकच मानली जाते. समजा, एका स्त्रीच्या दोन साध्या फोटोंमधील अंतर 0.45 आहे, जबडा आणि डोळे बदलल्यामुळे ते 0.65 झाले, तर तीच स्त्री यंत्राला परकी ठरते. हलका फिल्टर सहसा इतका फरक पाडत नाही. उलट, सर्वांना एकाच साच्याकडे ओढणारा जड फिल्टर दोन वेगळ्या व्यक्तींनाही जवळ आणू शकतो.

फेरफार ओळखण्यास बुबुळ उपयोगी पडते. प्रौढ माणसात त्याचा व्यास सुमारे 11.7 मिलिमीटर असतो आणि तो फारसा बदलत नाही. दोन बाहुल्यांमध्ये 63 मिलिमीटर अंतर असल्यास, त्या अंतराला बुबुळाच्या व्यासाने भागून गुणोत्तर 5.4 येते. फिल्टरने प्रत्येक डोळा जागच्या जागी 15 टक्के फुगवला, तर बाहुल्यांमधील अंतर तेच राहते, बुबुळ मात्र वाढते आणि गुणोत्तर 4.7 वर येते. माणसामाणसांत बाहुल्यांचे अंतर वेगळे असल्याने एकट्या फोटोवरून निष्कर्ष काढता येत नाही. त्याच व्यक्तीचा, समोरून घेतलेला दुसरा विश्वसनीय फोटो लागतो. जबड्यालगत दाराची चौकट किंवा फरशीची रेघ वाकलेली असेल, तर तीही खूण समजावी. चेहरा सबंध नव्याने रेखाटणाऱ्या फिल्टरमध्ये हे दोन्ही उपाय लंगडे पडतात, कारण तेथे काहीच ताणलेले नसते.